वास येत नाही म्हणजे चांगलं आहे का? व्हॅक्यूम पॅकमधलं मटण, पनीर, दही आणि त्यांच्यावरच्या तारखा

प्रश्न: आम्ही लेस्टरला राहतो. आज फ्रिज आवरताना तीन वस्तू सापडल्या. व्हॅक्यूम पॅकमधलं लॅम्ब, त्याची यूज बाय परवाच होऊन गेली. पनीर, त्याची यूज बाय उद्याची आहे, पण पाकीट पाच दिवसांपूर्वी फोडलंय. आणि दही, त्याची बेस्ट बिफोर होऊन आठ दिवस झाले. वास कशालाच नाही. आई फोनवर म्हणाली, वास घेऊन बघ आणि वापर, अन्न टाकू नये. बायको पाचव्या महिन्यात आहे, ती नको म्हणते. या तारखा खरंच पाळाव्या लागतात का, की माल लवकर खपवायची युक्ती आहे?

उत्तर:

दही खा. लॅम्ब आणि पनीर टाका. पनीरची तारीख अजून उलटलेली नाही, तरीही टाका. वहिनींना दिवस गेले नसते तरी माझं उत्तर हेच असतं, आता तर त्यात काही बदल करायला जागाच नाही. का, ते नीट सांगतो, कारण एकदा कारण कळलं की पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

माझी सुरुवात सांगलीकडच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये झाली. त्यानंतरची सोळा वर्षं इंग्लंडमध्ये थंड पदार्थांच्या कारखान्यांत गेली. काम हेच, कोणत्या पाकिटावर किती दिवसांची तारीख घालायची ते ठरवायचं.

तुमच्या आईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. माझी आईही तेच म्हणते, आणि तिच्या स्वयंपाकघरात ते बरोबरच आहे. पिशवीतलं दूध घरी आलं की ती आधी तापवते. मटण सकाळी खाटकाकडून येतं आणि दुपारपर्यंत कुकरमध्ये जातं. अशा घरात जे बिघडतं ते उघड्यावर, हवेत बिघडतं. दूध नासतं, आमटी आंबते, मटणाला वास मारतो, आणि नाक ते बरोबर ओळखतं. घोटाळा होतो तो हाच नियम व्हॅक्यूम पॅकला लावला की.

अन्नात वाढणारे जिवाणू आपल्या कामापुरते दोन गटांत बसतात. एक गट अन्न नासवणारा. त्यांच्यामुळे वास येतो, चिकटपणा येतो, रंग जातो. पण बहुतेक वेळा ते माणसाला आजारी पाडत नाहीत. दुसरा गट आजार देणारा. त्यांचं दुर्दैवी वैशिष्ट्य असं, की धोका होण्याइतके वाढले तरी पदार्थाला ना वास येतो, ना चव बदलते. नाक पहिल्या गटाची खबर देतं, दुसऱ्याचा त्याला पत्ताच लागत नाही.

बेस्ट बिफोर ही तारीख पहिल्या गटासाठी आहे. त्या दिवसापर्यंत चव, रंग, पोत उत्तम राहील, असं उत्पादक सांगतो. नंतर पदार्थ थोडा उतरेल, पण धोक्याचा होईलच असं नाही. यूज बाय ही दुसऱ्या गटासाठी आहे. म्हणूनच ब्रिटनमध्ये बेस्ट बिफोर उलटलेला माल दुकानदार कायदेशीरपणे विकू शकतो, स्वस्तात विकतोही. यूज बाय उलटलेला माल विकणं मात्र गुन्हा आहे. युरोपच्या 2011 च्या लेबल नियमांनी, जे इथेही आले, यूज बाय उलटलेलं अन्न थेट असुरक्षित मानलं आहे.

भारतात ही फोड इतकी स्पष्ट दिसत नाही. एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबल नियमांत पाकिटावर एक्सपायरी किंवा यूज बाय घालणं बंधनकारक आहे आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक. त्यामुळे बिस्किटापासून श्रीखंडापर्यंत सगळीकडे एकाच प्रकारचा शब्द वाचायची आपल्याला सवय लागते, आणि इथे आल्यावर दोन शब्द एकच वाटतात.

आता तुमच्या लॅम्बकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

उघड्या मटणाला फ्रिजमध्ये जो वास मारायला लागतो, तो मुख्यतः स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूंमुळे. थंडी त्यांना मानवते, पण हवा लागते. व्हॅक्यूम पॅकमधून हवा काढली की ते जवळजवळ गप्प होतात. त्यांच्या जागी हळूहळू आंबवणारे जिवाणू येतात, दही लावणाऱ्यांच्याच कुळातले. ते मंद वाढतात आणि त्यांचा वास सौम्य असतो. म्हणून तेच मटण जास्त दिवस टिकतं. व्हॅक्यूमचा फायदा एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

पण आजार देणाऱ्या गटातल्या लिस्टेरिया या जिवाणूला हवा नसली तरी चालतं. शिवाय तो फ्रिजमध्येही वाढतो, अगदी शून्याच्या आसपाससुद्धा, फक्त सावकाश. आणि क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमला तर हवा नकोच असते. त्याचा एक प्रकार असा आहे, की 3 अंशांपासून वर कुठेही वाढू शकतो, विष तयार करू शकतो आणि हे करताना वास सोडेलच असं नाही. म्हणजे हवा काढून आपण बोंब मारणाऱ्यांना घालवतो आणि गुपचूप काम करणाऱ्यांना रान मोकळं ठेवतो. वास हा आपला पहारेकरी, आणि व्हॅक्यूम पॅकमध्ये नेमका तोच रजेवर असतो. तुम्ही लिहिलंत, ‘वास कशालाच नाही’. दह्याच्या बाबतीत ही चांगली बातमी आहे. लॅम्बच्या बाबतीत ती बातमीच नाही.

या विषाने होणारा बॉट्युलिझम हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, त्याची भीती घालून मला कोणाची झोप उडवायची नाही. पण आजार इतका गंभीर आहे, की इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने व्हॅक्यूम पॅकमधल्या थंड पदार्थांसाठी वर्षानुवर्षं एक साधा नियम ठेवला आहे. 3 ते 8 अंशांत ठेवायचा पदार्थ असेल आणि त्यात या जिवाणूला रोखणारं दुसरं काही नसेल, म्हणजे पुरेसं मीठ, पुरेसा आंबटपणा, कोरडेपणा किंवा 90 अंशांवर 10 मिनिटांइतकी उष्णता, तर दहा दिवसांपेक्षा जास्त मुदत द्यायची नाही.

‘माल खपवायची युक्ती’ या शंकेचं उत्तर याच नियमाच्या इतिहासात आहे. मुदत लहान असली तर दुकानाचं नुकसान होतं, फायदा नाही. न खपलेला माल त्यांनाच फेकावा लागतो. मांस उद्योगाचा आग्रह कायम मुदत वाढवण्यासाठी होता. कच्चं बीफ, लॅम्ब आणि पोर्क अनेक दशकं दहा दिवसांपेक्षा जास्त मुदतीने विकलं जात होतं आणि त्याच्याशी बॉट्युलिझमची घटना जोडली गेलेली नव्हती, हे तज्ज्ञ समितीपुढे मांडलं गेलं. त्यानंतर 2020 मध्ये एजन्सीने या तीन कच्च्या मांसांना दहा दिवसांच्या मर्यादेतून वगळलं, पण फक्त साध्या मांसाला. त्याच लॅम्बला मसाला चोळून पॅक केलं, की ते या सवलतीतून बाहेर पडतं.

मग मुदत कोण ठरवतं? उत्पादकच, चाचण्या करून. ही चाचणी कशी असते ते सांगतो. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर भरलेली बरीच पाकिटं वेगवेगळ्या तापमानाच्या कपाटांत ठेवायची. काही दिवस दुकानाच्या थंडीत, मग बाकीचे दिवस घरच्या फ्रिजइतक्या ऊबेत, कारण घरचा फ्रिज कारखान्याइतका थंड नसतो हे आम्ही धरूनच चालतो. ठरलेल्या दिवशी दोन-चार पाकिटं काढायची. एकाचा नमुना लॅबला, एक टेबलावर.

शिजवून काप केलेल्या हॅमची अशीच एक चाचणी मला अजून आठवते. पाकीट कापलं, काप ताटलीत मोकळे केले. पाच जण टेबलाभोवती होतो. गुलाबी रंग, कडा ओलसर, वास स्वच्छ, कुणाच्याही कागदावर उणा शेरा नाही. चौथ्या दिवशी लॅबचा आकडा आला, तर त्याच पाकिटात लिस्टेरिया मर्यादेच्या कितीतरी वर. काप करायच्या यंत्राच्या पात्यामागे साफ न होणारी एक फट निघाली. माल बाहेर गेला नव्हता, पण अनुभवी माणसांची पाच नाकं त्या टेबलावर सपशेल फसली होती. तेव्हापासून मी यूज बायच्या पदार्थाला वास घेऊन पास करत नाही.

‘पण मी तर लॅम्ब कुकरला लावणार,’ असं तुम्ही म्हणाल. मुद्दा रास्त आहे. आतपर्यंत 70 अंशांवर 2 मिनिटं तापलं, की लिस्टेरिया, साल्मोनेला मरतात. बॉट्युलिनमचं विषही 85 अंशांवर 5 मिनिटांत निकामी होतं, आणि कुकर याच्या खूप वर जातो. म्हणून एक दिवस उलटलेलं कच्चं मटण आणि एक दिवस उलटलेलं हॅम यांत फार फरक आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. हॅम आपण तसंच तोंडात टाकतो, मटण शिजवतो. तरीही तारीख उलटलेलं मटण वापरायला मी सांगणार नाही, कारण पाकिटातलं लाल पाणी सिंकमध्ये, ओट्यावर, कोशिंबिरीची काकडी चिरायच्या फळीवर सांडतं, आणि ती काकडी कुकरला जात नाही.

तारीख पाळूनही पाकीट संशयास्पद वाटलं तर काय बघायचं, तेही सांगतो. फोडल्याफोडल्या मटण जांभळट दिसेल आणि किंचित आंबूस, दुधाळ वास येईल. घाबरू नका. हवा नसल्यामुळे रंग तसा असतो आणि कोंडलेला वास तसा येतो. ताटलीत काढून झाकून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा. रंग लाल होतो, वास उडून जातो. वास गेला नाही, सडक्या अंड्याकडे झुकला, तर टाका. आणि न फोडलेलं पाकीट फुगलेलं दिसलं तर ते उघडायच्याही भानगडीत पडू नका, आत वायू तयार करणारं काहीतरी वाढलंय. पाकीट नुसतं सैल असेल, प्लॅस्टिक मटणाला घट्ट बसलेलं नसेल, तर शिवणीतून हवा शिरली आहे, म्हणजे व्हॅक्यूमसाठी काढलेली तारीख त्या पाकिटाला लागू नाही.

तारीख तापमानाला किती बांधलेली असते, याचं माझं आवडतं उदाहरण न्यूझीलंडच्या लॅम्बचं आहे. ते व्हॅक्यूम पॅकमध्ये, न गोठवता, उणे 1 अंशाच्या आसपास ठेवून जहाजाने ब्रिटनला येतं. कित्येक आठवडे समुद्रावर असतं आणि उत्तम अवस्थेत पोचतं. तेच मांस दुकानातून तुमच्या फ्रिजमध्ये आलं, की मुदत दिवसांवर येते. मांस तेच, पाकीटही तसंच, फरक सहा-सात अंशांचा.

म्हणून आता पनीर, कारण तिथे या अंशांचा हिशेब सगळ्यात स्वच्छ दिसतो.

पनीर आपण दह्याच्या शेजारी ठेवतो, आणि दोन्ही दुधाचे म्हणून एकाच मापाने मोजतो. जिवाणूंच्या नजरेने पनीर मांसाच्या जवळचं आहे. ओलसर, प्रथिनांनी भरलेलं, मीठ जवळजवळ नाही. करताना लिंबू किंवा आम्ल घातलं तरी निवळ काढून टाकल्यावर त्यात आंबटपणा फारसा उरत नाही. त्यावरची उद्याची तारीख बंद पाकिटासाठी होती. पाकीट फोडलं, की ती तारीख संपली आणि बारीक अक्षरातली दुसरी ओळ लागू झाली: उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा. बहुतेक थंड पदार्थांवर हा आकडा दोन-तीन दिवसांचा असतो. या दोन मुदतींपैकी जी आधी येईल ती खरी.

का, ते एका हिशेबाने बघा. आकडे सोपे करून घेतो. समजा फोडताना सुरीवरून पनीरवर लिस्टेरिया गेला, एका ग्रॅमला एक. नियमानुसार तयार खाद्यपदार्थात मुदत संपेपर्यंत ग्रॅमला 100 ही मर्यादा असते. एकाचे शंभर व्हायला सुमारे सात वेळा दुप्पट व्हावं लागतं. 5 अंशांवर तो साधारण दिवसाला एकदा दुप्पट होतो असं धरा, म्हणजे सात दिवस. 8 अंशांवर साधारण दुप्पट वेगाने, म्हणजे साडेतीन दिवस. तुमचं पनीर पाच दिवस उघडं आहे. फ्रिज 5 वर असेल तर मर्यादेच्या आत, 8 वर असेल तर दीड दिवस बाहेर. आणि तुमचा फ्रिज कितीवर आहे, हे बहुधा तुम्हाला माहीत नसेल. फ्रिजमधल्या चक्रीवरचे 1 ते 5 हे आकडे अंश नसतात, ती फक्त थंडी किती कमी-जास्त हवी त्याची खूण असते.

ते कळायचं असेल तर तीन-चार पौंडांचा साधा फ्रिज थर्मामीटर आणा. पाण्याने भरलेल्या ग्लासात उभा करून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडाल तेव्हा लगेच वाचा. नुसता हवेत टांगला तर दार उघडल्याबरोबर आकडा चढतो आणि काही कळत नाही. 5 किंवा खाली हवं. दाराचे कप्पे सगळ्यात ऊबदार असतात, तिथे पनीर आणि मांस ठेवू नका, लोणची-सॉस ठेवा.

लिस्टेरियाबद्दल वहिनींसाठी आवर्जून लिहितो. गरोदरपणात या जिवाणूची लागण होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. आईला कदाचित थोडा ताप, अंगदुखी, फ्लूसारखं एवढंच होतं, पण बाळ दगावू शकतं. आणि लक्षणं दुसऱ्या दिवशीच दिसतील असं नाही, काही आठवडे जाऊ शकतात, क्वचित सत्तर दिवसांपर्यंत. ‘आम्ही खाल्लं, काही झालं नाही’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. महिन्यापूर्वीचं हॅम आणि आजचा ताप यांचा संबंध कोणी लावत नाही. या काळात ताप आला तर अंगावर न काढता मिडवाइफला फोन करायचा आणि काय खाल्लं होतं तेही सांगायचं.

दह्याचं मात्र खुशाल ऐका तुमच्या आईंचं. दही इतकं आंबट असतं, की लिस्टेरिया त्यात वाढू शकत नाही, आणि मुदतीनंतर ते आणखी आंबट होतं. वर पाणी सुटलं असेल तर ढवळून घ्या, ती निवळ आहे. झाकण फुगलंय, चमचा घातल्यावर बुडबुडे येतायत, बिअरसारखा वास आहे, तर यीस्ट वाढलंय. हिरवा, काळा, गुलाबी ठिपका दिसला तर वरचा थर काढून बाकीचं खाऊ नका, मऊ पदार्थात बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल जातात. यातलं काही नसेल तर कढी करा. 2022 मध्ये इथल्या को-ऑप सुपरमार्केटने आपल्या दह्यावरची यूज बाय काढून बेस्ट बिफोर घातली ती याच कारणाने. त्याच वर्षी मॉरिसन्सने आपल्या बहुतेक दुधावर तेच केलं आणि ग्राहकांना वास घेऊन ठरवायला सांगितलं. पाश्चराइज केलेल्या दुधात आजार देणारे जिवाणू 72 अंशांवर 15 सेकंदांत मारलेले असतात. नंतर जे वाढतात ते बहुतेक नासवणारे, आणि नाकाला कळणारे.

म्हणून ‘डेअरी’ हा एक गट समजू नका. चेडर कोरडं आणि खारट, त्यावर बहुधा बेस्ट बिफोरच असते. ब्री, कॅमेम्बर्ट ओलसर, आणि पिकताना त्यांचा आंबटपणा कमी होत जातो, म्हणून त्यांच्यावर बहुधा यूज बाय असते. वहिनींनी ती न शिजवता खाऊच नयेत, तारखेत असली तरी.

आईंचं ‘अन्न टाकू नये’ हे मलाही पटतं. त्यासाठी तारीख ओलांडायची गरज नाही, फ्रीझर वापरा. यूज बायच्या दिवशी रात्रीपर्यंत मांस किंवा पनीर गोठवलं तरी चालतं. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, वाढ थांबते, म्हणून उद्या संपणारं पाकीट आज गोठवा, परवा संपलेलं नाही. मी आणल्याच दिवशी किलोचं पाकीट फोडून एका वेळच्या रश्श्यापुरत्या पिशव्या करतो आणि प्रत्येकीवर मार्करने तारीख लिहितो. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी एका भांड्यात घालून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवायची, ओट्यावर नाही. सुटलं की 24 तासांच्या आत शिजवायचं.